पायडल दाबल्यानंतर आत काय होतं

भोसरी, सातपूर, वाळूज, अशा कुठल्याही औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या प्रेस शॉपमध्ये नवीन आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी सुपरवायझर मशीनपाशी नेतो आणि सांगतो, "डायमध्ये हात घालायचा नाही." मुलगा मान डोलावतो. वाक्य त्याला कळलेलं असतं, पण हात का घालायचा नाही हे कळलेलं नसतं. हात आत असताना रॅम खाली येताना दिसलाच, तर पायडलवरचा पाय उचलला की मशीन थांबेल, असं तो मनातून धरून चालतो. घरी आईचं शिलाई मशीन पाय उचलला की थांबताना त्याने पाहिलेलं असतं.

जुन्या पद्धतीची मेकॅनिकल पॉवर प्रेस तशी थांबत नाही. तिच्या बाजूला जड फ्लायव्हील सतत फिरत असतं. पायडल दाबलं की आतली चावी किंवा पिन फ्लायव्हीलला क्रँकशाफ्टशी जोडते, आणि एकदा ही जोडणी झाली की शाफ्टचा पूर्ण एक फेरा होईपर्यंत ती सुटत नाही. रॅम खाली येतो, पत्रा कापतो किंवा वाकवतो, आणि वर जातो. मध्येच पाय उचलला तरी काही फरक पडत नाही.

नव्या कामगारासाठी माहितीची फिल्म करताना खरी अडचण इथेच येते. ज्या गोष्टीमुळे बोटं जातात ती झाकणाआड, लोखंडाच्या आत घडते. कॅमेरा कितीही चांगला असला तरी त्याला ती दिसत नाही. म्हणूनच अशा फिल्ममध्ये खरं चित्रण, अक्षरांची पट्टी आणि साधं ॲनिमेशन या तिन्हींची गरज पडते. तिघांची कामं वेगळी आहेत. जागा, माणसं आणि खरं मशीन कॅमेऱ्याने दाखवायचं. नाव, आकडा आणि आज्ञा पट्टीने सांगायची. डोळ्याला न दिसणारं किंवा कधीच घडू नये असं जे आहे, ते ॲनिमेशनने दाखवायचं. एकाचं काम दुसऱ्यावर टाकलं की फिल्म बिघडते.

ही कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओने लॉकहीड या विमान कंपनीसाठी रिव्हेट बसवण्याच्या चार पद्धती शिकवणारी छोटी फिल्म केली होती. पत्र्याच्या दोन थरांमध्ये रिव्हेट कसा बसतो, भोक जास्त खोल गेलं तर सांधा का कमजोर होतो, हे त्यांनी रेषांच्या साध्या चित्रांनी दाखवलं, कारण सांध्याच्या आत कॅमेरा जाऊ शकत नव्हता. आज तेच काम मोबाइल, ट्रायपॉड आणि एका लॅपटॉपवर होतं.

चाळीसेक माणसांचं एक प्रेस शॉप डोळ्यांसमोर ठेवू. दहा-बारा प्रेस, एक टूल रूम, एक वेल्डिंगचा कोपरा. कामगारांपैकी काही जण मराठी, बरेच बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा इथून आलेले, काही थेट कंपनीचे, काही कॉन्ट्रॅक्टरकडचे. इथे वीस मिनिटांची एकच लांब फिल्म करू नये. दीड-दोन मिनिटांचे पाच तुकडे करावेत: गेटपासून लॉकरपर्यंत, बूट आणि कानातले प्लग, प्रेस, लागलं तर काय करायचं, आणि पगार-सुट्टी-ईएसआयसी. तुकडे वेगळे असले की प्रेस बदलल्यावर फक्त तिसरा तुकडा पुन्हा करता येतो. पुढच्या वर्षी कॅन्टीन हलवलं म्हणून सगळी फिल्म बाद होत नाही.

पाचव्या तुकड्यातलं एक वाक्य मात्र कुठल्याही कारखान्याने गाळू नये. ईएसआयसीखाली येणाऱ्या कामगाराला कामावर असताना इजा झाली, तर अपंगत्वाच्या लाभासाठी आधी किती दिवस वर्गणी भरली याची अट नाही. कामाच्या पहिल्या दिवसापासून तो हक्क असतो. नवा मुलगा "अजून माझं कार्डच आलं नाही" म्हणून लागलेलं लपवतो, त्याला हे माहीत असायला हवं.

आता प्रेसच्या तुकड्याकडे येऊ, कारण कस तिथेच लागतो.

आधी कागद. पानाचे दोन भाग करायचे. डावीकडे काय दिसणार, उजवीकडे काय ऐकू येणार. उजवीकडचा मजकूर घड्याळ लावून, नव्या माणसाशी बोलतो त्या वेगाने मोठ्याने वाचायचा. दोन मिनिटांत सव्वादोनशे शब्दांपेक्षा जास्त बसवू नयेत. लिहिताना सुपरवायझर आणि सेटर दोघेही शेजारी हवेत. सुपरवायझर नियम सांगतो. मशीन कुठे दगा देतं हे सेटरला माहीत असतं. शब्दही शॉपवरचेच वापरायचे: डाय, पंच, जॉब, स्क्रॅप, चिमटा. 'संपीडन यंत्र' म्हटलं तर कुणी आपल्या मशीनकडे बघणार नाही.

चित्रणाच्या दिवशी पहिला नियम असा की खऱ्या माणसाकडून चुकीचं काम करवून घ्यायचं नाही. "हे करू नका" दाखवण्यासाठी एखाद्या ऑपरेटरला क्षणभर डायमध्ये हात घालायला सांगणं, मशीन बंद आहे असं समजून का होईना, हा गुन्हाच मानला पाहिजे. शिवाय डोळा जे पाहतो ते शिकतो, त्यावरची लाल फुली नंतर विसरली जाते. चूक फक्त ॲनिमेशनमध्ये दाखवायची. चित्रणात सगळं बरोबरच दिसलं पाहिजे.

दुसरा नियम पाळणं याहून अवघड जातं. डायच्या आतलं नीट दिसत नाही म्हणून कॅमेरावाला गार्ड काढायला सांगतो, आणि घाईत मालकही हो म्हणतो. मग नव्या मुलाला कंपनीच्याच फिल्ममध्ये गार्डशिवाय चाललेली प्रेस दिसते. पुढे कुणी कितीही सांगितलं तरी त्याच्या लेखी गार्ड ही सोयीने काढायची वस्तू होते. गार्डच्या जाळीतूनच चित्रण करायचं. आतलं दिसत नसेल तर ते काम ॲनिमेशनचं आहे.

पार्श्वभूमीकडेही तसंच बघायला हवं. पुढे सेटर बुटांबद्दल सांगतोय आणि मागून चप्पल घातलेला हेल्पर ट्रॉली ढकलत जातोय, तर फिल्म दोन गोष्टी सांगते आणि दुसरी खरी वाटते. प्रत्येक शॉट जागेवरच पुन्हा पाहायचा आणि चौकटीचे चारही कोपरे तपासायचे. त्याच वेळी गिऱ्हाईक कंपनीचा पार्ट नंबर किंवा ड्रॉइंग दिसत नाही ना, तेही बघून घ्यायचं. आणि ज्या कामगारांचे चेहरे येणार आहेत त्यांना आधी विचारायचं. ते नोकरी सोडून गेले तरी त्यांचा चेहरा तिथे राहणार आहे.

प्रेस शॉपमध्ये कॅमेरा स्वतःही एक फसवणूक करतो. फिरतं फ्लायव्हील फिल्ममध्ये कधी कधी थांबलेलं दिसतं. समजा चाकाला सहा आरे आहेत, ते मिनिटाला २५० फेरे घेतंय आणि कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम टिपतोय. प्रत्येक फ्रेमच्या दरम्यान चाक बरोबर एक षष्ठांश फेरा पुढे जातं, म्हणजे एका आऱ्याच्या जागी नेमका पुढचा आरा येतो. सगळे आरे सारखे असल्यामुळे पडद्यावर चाक स्थिर भासतं. वेग किंचित कमी असेल तर ते हळूहळू उलटं फिरताना दिसतं. 'फिरत्या चाकापासून लांब राहा' असं सांगणाऱ्या फिल्ममध्ये चाक थांबलेलं दिसणं हे केवळ वाईट चित्रण नाही, ते चुकीचं शिक्षण आहे. उपाय सोपा आहे: मशीन पूर्ण बंद असताना एका आऱ्याला पिवळा पट्टा मारून ठेवावा, किंवा संपादन करताना चाकावर फिरण्याच्या दिशेचा बाण काढावा. दोन्ही केलं तर उत्तम.

दिव्यांमुळेही चित्र लुकलुकतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि काही एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. मोबाइलवर मॅन्युअल कॅमेऱ्याची सोय असेल तर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवावं, लुकलुक बहुतेक जाते. आवाजासाठी झटापट करू नये. प्रेस चालू असताना बोललेलं रेकॉर्ड करून पुढे साफ करण्यात वेळ जातो आणि तरी ते कळत नाही. निवेदन बंद खोलीत, खिडक्यांना पडदे असतील अशा ठिकाणी नंतर करावं. प्रेसचा मूळ आवाज मागे अगदी हळू ठेवावा, कारण तो पूर्ण काढला तर जागा खोटी वाटते. निवेदन शॉपवरच्या माणसाने केलं तर बरं. हा आवाज उद्या आपल्याला मशीनपाशी भेटणार आहे, हे नव्या मुलाला कळतं.

आता ॲनिमेशन. त्यासाठी कार्टूनची माणसं, हसणारं हेल्मेट वगैरे काही नको. ते गोड दिसतं आणि आपलं मशीन त्यात कुठेच नसतं. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून प्रेसचा बाजूने एक स्थिर शॉट घ्यावा. त्यातली एक फ्रेम थांबवावी आणि तिच्यावरच रेषा काढाव्यात. आधी खरं मशीन, मग त्याच जागी त्याच्या कडा, मग झाकण विरळ होऊन आतले भाग. बघणाऱ्याला हे दुसरं काहीतरी चित्र आहे असं वाटत नाही, आपल्याच प्रेसच्या आत डोकावल्यासारखं वाटतं. कॅमेरा हातात धरला असेल तर ही जुळणी हलते आणि सगळा परिणाम जातो.

यासाठी पॉवरपॉइंटसुद्धा पुरतं. फ्रेमचा फोटो स्लाइडवर मागे ठेवायचा, वर वर्तुळ, आयत, बाण काढायचे, चाकाला फिरण्याचं ॲनिमेशन द्यायचं, रॅमला वरखाली जाण्याचं, आणि सगळं व्हिडिओ म्हणून बाहेर काढायचं. तुकडे जोडायला शॉटकट, केडीएनलाइव्ह यांसारखी मोफत संपादन सॉफ्टवेअर आहेत. रंग तीनच ठेवावेत: स्थिर भाग राखाडी, हलणारा भाग नारिंगी, माणसाचा हात निळा. लाल-हिरव्याच्या भरवशावर राहू नये, कारण तो फरक न दिसणारे पुरुष बरेच असतात. धोका रंगासोबत बाणाने किंवा फुलीनेही दाखवावा.

आमच्या प्रेसच्या तुकड्यातले चाळीस सेकंद असे जातील. फ्लायव्हील फिरतंय, शाफ्ट थांबलेला आहे, दोघांत अंतर दिसतंय. पायडल दाबलं जातं, चावी वळते, चाक आणि शाफ्ट जोडले जातात, शाफ्ट नारिंगी होतो, रॅम खाली येऊन वर जातो आणि चावी सुटते. हे एकदा पूर्ण, शांतपणे. मग पुन्हा तेच, पण रॅम अर्ध्यावर असताना पायडल वर येताना दिसतं, आणि रॅम मात्र तसाच खाली येतो. इथे निवेदकाने दोन सेकंद गप्प बसावं. डोळ्याने पाहिलेलं मनात उतरायला तेवढा वेळ लागतो. मग एकच वाक्य: सुटलेला स्ट्रोक मध्येच थांबत नाही.

तिसऱ्या वेळी डबल स्ट्रोक. चावी झिजली किंवा तिची स्प्रिंग तुटली की एका फेऱ्यानंतर जोडणी सुटत नाही आणि पायडलला हात-पाय न लावता रॅम पुन्हा खाली येतो. पहिल्या स्ट्रोकनंतर जॉब काढायला हात पुढे जाणार, नेमकं तेव्हाच. जॉब चिमट्यानेच का काढायचा, हे आता वेगळं सांगावं लागत नाही. डबल येण्याआधी मशीन कधी कधी इशारा देतं: क्लचचा खडखडाट वाढतो, रॅम वरच्या टोकाला नीट थांबत नाही, थोडा पुढे घसरतो. हे घसरणं ॲनिमेशनमध्ये मोठं करून दाखवावं, आणि मग पट्टीवर आज्ञा यावी: हात मागे, मशीन बंद, सेटरला हाक.

चौथी गोष्ट मोटर बंद केल्यानंतरची. बटण दाबलं तरी फ्लायव्हील फिरत राहतं आणि चाक फिरतंय तोवर एक स्ट्रोक त्यात शिल्लक असतो. किती वेळ फिरतं, हे पुस्तकातून घेऊ नये. आपल्याच प्रेसचं चाक थांबायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजावं आणि तोच आकडा पट्टीवर लिहावा. पाच प्रेस असतील तर पाच आकडे.

पट्टीबद्दल लोक सहसा दोन टोकं गाठतात. कुणी निवेदनातला प्रत्येक शब्द खाली लिहितो, कुणी काहीच लिहीत नाही. माझ्या मते दोन प्रकार वेगळे ठेवावेत. भागाचं नाव, आकडा, बाण ही चित्रावरची अक्षरं व्हिडिओतच पक्की करावीत आणि अगदी मोजकी ठेवावीत. बोललेल्या वाक्यांची पट्टी मात्र वेगळ्या फाइलमध्ये ठेवावी, म्हणजे त्याच चित्रावर मराठी, हिंदी, ओडिया अशी हवी ती भाषा घालता येते. ही फाइल साध्या नोटपॅडमध्ये लिहिता येते:

```
1
00:00:42,000 --> 00:00:46,500
सुटलेला स्ट्रोक
मध्येच थांबत नाही.

2
00:01:08,000 --> 00:01:13,000
डबल आला? हात मागे.
मशीन बंद. सेटरला हाक.
```

पहिली ओळ क्रमांक, दुसरी सुरू आणि बंद होण्याची वेळ, खाली मजकूर, मग एक रिकामी ओळ. वेळेचे आकडे इंग्रजी पद्धतीचेच लागतात. तिथे देवनागरी आकडे घातले तर पट्टी दिसत नाही. फाइल साठवताना `UTF-8` निवडावं, नाहीतर देवनागरीच्या जागी भलतीच चिन्हं येतात. व्हिडिओ `PRESS_MR.mp4` असेल तर पट्टीची फाइल `PRESS_MR.srt` अशी त्याच नावाने शेजारी ठेवावी, म्हणजे `VLC` ती आपोआप उचलतो. व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर ही सोय नाही. तिथे पट्टी चित्रातच छापलेली वेगळी प्रत लागते, आणि ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, नाहीतर अक्षरं पुसट होतात.

पट्टी किती वेळ राहू द्यायची? सावकाश दोनदा वाचून होईल इतका वेळ. लिहिणाऱ्याला तो फार वाटतो, कारण त्याला मजकूर पाठ असतो. ज्याला देवनागरी अडखळत वाचता येते त्याला तो जेमतेम पुरतो. दोनपेक्षा जास्त ओळी नकोत, आणि ज्या क्षणी ॲनिमेशनमध्ये चावी वळतेय त्या क्षणी पट्टी अजिबात नको. डोळा एका वेळी एकच गोष्ट पाहतो, आणि त्या वेळी त्याने चावी पाहायला हवी.

फिल्म झाली की ती साहेबांना दाखवण्याआधी त्या आठवड्यात आलेल्या दोन-तीन मुलांना दाखवावी. "समजलं का?" असं विचारू नये. सगळे हो म्हणतात. त्यांना बंद प्रेसपाशी न्यावं आणि करून दाखवायला सांगावं: मशीन कुठून बंद करशील? बंद केल्यावर चिमटा बाजूला ठेवून डाय पुसायला कधी जाशील? रॅम आपोआप दुसऱ्यांदा आला तर पहिल्यांदा काय करशील? तिसऱ्या प्रश्नाला एखादा म्हणाला, "पायडलवरून पाय काढीन," तर दोष त्याचा नाही. आपले चाळीस सेकंद फसलेत. बहुतेक वेळा कारण एकच असतं: त्या जागी चित्र, आवाज आणि पट्टी तिघेही एकदम बोलत होते. दोघांना गप्प करून पुन्हा दाखवावं.

फिल्म शॉपच्या आवाजात, उभ्या उभ्या दाखवू नये. कॅन्टीनमध्ये किंवा ऑफिसात बसवून, मध्ये थांबवत, शेजारी सेटर असताना दाखवावी. प्रेसचा तुकडा महिनाभराने पुन्हा एकदा दाखवावा. तोवर मुलाच्या मनात खरे प्रश्न तयार झालेले असतात. शेवटच्या फ्रेमवर तारीख आणि प्रेसचे नंबर घालावेत, म्हणजे प्रेस बदलली आणि फिल्म जुनीच राहिली हे लगेच लक्षात येतं.

इतकं करूनही फिल्म काय करू शकत नाही, ते मालकांनी स्वच्छ समजून घ्यावं. चावीच्या क्लचची प्रेस मध्येच थांबत नाही, त्यामुळे तिच्यापुढे प्रकाशाचा पडदा लावला तरी हात आत गेल्यावर तो रॅमला थांबवू शकत नाही. तिथे उपाय म्हणजे हात आत जाऊच न देणारा पक्का गार्ड, किंवा मध्येच थांबवता येईल असा क्लच आणि ब्रेक असलेली प्रेस. सेफ इन इंडिया फाउंडेशन ही संस्था वाहन उद्योगाच्या पुरवठादार कारखान्यांत जखमी झालेल्या कामगारांवर 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते. बोटं चिरडलेल्या कामगारांच्या त्या नोंदींमध्ये पॉवर प्रेस पुन्हा पुन्हा येते. यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण घालणं ही जबाबदारी १९४८च्या कारखाने अधिनियमाने कामगारावर नाही, कारखाना चालवणाऱ्यावर टाकली होती. "फिल्म दाखवली, सही घेतली" हा कागद त्या कुंपणाची जागा घेत नाही. ज्यांच्या एकाही प्रेसला अजून गार्ड नाही, त्यांनी फिल्मसाठी काढून ठेवलेले पैसे आधी टूल रूममध्ये द्यावेत, गार्ड बसवून घ्यावेत, आणि मग त्या जाळीतून चित्रण करावं.